लिस्टिंग बंद झाल्यावर अपिलाचं पत्र कसं लिहायचं: एका तांब्याच्या बाटलीचं उदाहरण

ऑनलाइन विकणाऱ्याला मार्केटप्लेसच्या सपोर्टकडून येणारा मेल साधारण सारखाच असतो. तुमच्या अमुक उत्पादनाच्या पानावर आमच्या धोरणात न बसणारा मजकूर आढळला, म्हणून लिस्टिंग बंद केली आहे, अपील करायचं असेल तर कारण, केलेली दुरुस्ती आणि पुरावे पाठवा. कोणतं वाक्य खटकलं हे बऱ्याचदा त्यात नसतं. मग विक्रेता घाईघाईने उत्तर लिहितो, की आम्ही गेली कित्येक वर्षं प्रामाणिकपणे धंदा करतो, आमचा माल अस्सल आहे, कृपया लिस्टिंग सुरू करा. दोन दिवसांनी ठरावीक साच्यातला नकार येतो. एव्हाना ऑर्डर थांबलेल्या असतात आणि माल गोदामात पडून असतो.

हे पत्र कसं लिहायचं ते एकाच उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक चूक प्रत्यक्षात होणारी आहे. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्या एका घरातली सून, आपण तिला ताई म्हणू, तांब्याच्या पाण्याच्या बाटल्या ऑनलाइन विकते. बाटली ९५० मिलीची आहे आणि वरून हातोडीने ठोकून मठारकाम केलेलं आहे. लिस्टिंग बनवून दिली एका ओळखीच्या मुलाने. त्याने चार चालणाऱ्या लिस्टिंग उघडल्या, त्यातला मजकूर जुळवला, फोटोवर फायदे लिहिले आणि पान सुरू केलं. सहा महिने विक्री नीट झाली. मग मेल आला, आणि त्यात कारण होतं ‘आजार बरा करण्याचा किंवा आटोक्यात ठेवण्याचा दावा’.

ताईंच्या घरात पहिली प्रतिक्रिया अशी उमटली, की यात खोटं काय आहे? तांब्यातलं पाणी प्यावं हे तर आजीपासून ऐकत आलो. दीर म्हणाले, आयुर्वेदाचे दाखले जोडू, इंटरनेटवरचे दोन-चार लेख जोडू, त्यांनाच पटवून देऊ.

अपील इथेच फसतं, म्हणून या मुद्द्यावर थोडं थांबू. सपोर्टमधला माणूस तांब्याच्या पाण्याचा फायदा होतो की नाही हे ठरवायला बसलेला नसतो. असा दावा त्या पानावर असणं चालतं का, एवढंच तो पाहतो. यामागे नुसतं कंपनीचं धोरण नाही. १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा केंद्रीय कायदा आहे. त्याला जोडलेल्या यादीत मधुमेह, लठ्ठपणा, उच्च व कमी रक्तदाब, गलगंड असे आजार आहेत. यादीतला आजार टाळण्यासाठी, बरा करण्यासाठी किंवा त्याचा त्रास कमी करण्यासाठी अमुक औषध वापरा, असं सुचवणारी जाहिरात करायला या कायद्याने बंदी आहे. आणि ‘औषध’ या शब्दाची त्यातली व्याख्या फार रुंद आहे. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्याच्या हेतूची, अन्न सोडून इतर कुठलीही वस्तू तिच्यात येऊ शकते. बाटली ही बाटलीच असते, पण तिच्या पानावर मधुमेहाचा दावा लिहिला की ती या कक्षेत ओढली जाऊ शकते. खोटी जाहिरात करण्यावर याच कायद्यात वेगळं कलम आहे. म्हणजे यादीतल्या आजाराबद्दलचा दावा खरा असल्याचं सांगून सुटका होत नाही. उलट दाव्याच्या समर्थनार्थ लेख जोडले, की विक्रेता अजून तोच दावा करतो आहे असाच त्याचा अर्थ निघतो.

म्हणून पत्राचा सूर आधी ठरवायचा. दावा होता, तो आमच्याकडूनच गेला होता, तो आम्ही काढला, आणि काढल्याचा हा पुरावा. तांब्याबद्दलची श्रद्धा मनात असू द्या, पण पत्रात तिला जागा नाही. (मेलमधला आरोपच मुळात चुकीचा असेल, म्हणजे तुमच्या पानावर तसा दावा कुठेच नसेल, तर पत्र वेगळं लिहावं लागतं. त्यात कबुली येत नाही. पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट जोडून कोणत्या वाक्यावर आक्षेप आहे ते विचारायचं. पण तसं लिहिण्याआधी पुढे दिलेली शोधाशोध प्रामाणिकपणे करा.)

पत्र लिहायला बसण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. मेल आल्यावर सर्वप्रथम, काहीही बदलण्याआधी, आहे त्या पानाचे स्क्रीनशॉट घ्यावेत. शीर्षक, ठळक मुद्दे, वर्णन, प्रत्येक फोटो, आणि विक्रेत्याच्या खात्यातून दिसणारी सगळी माहिती. एकदा दुरुस्ती केली की जुना मजकूर पुन्हा हाती लागत नाही, आणि मग ‘आधी हे होतं, आता हे आहे’ असं दाखवायला काहीच उरत नाही.

त्यानंतर दावा कुठे कुठे लपला आहे ते शोधायचं. ताईंना पहिल्या नजरेत एकच वाक्य सापडलं. तिसऱ्या ठळक मुद्द्यात होतं, ‘सकाळी उपाशीपोटी घेतल्यास मधुमेह व थायरॉइड नियंत्रणात, वजन घटते’. तेवढं काढून अपील पाठवलं असतं तर ते नक्की परत आलं असतं, कारण तोच दावा आणखी पाच ठिकाणी होता.

चौथ्या फोटोवर बाटलीभोवती गोल करून आठ फायदे लिहिले होते, त्यात रक्तदाब होता. फोटोवरची अक्षरं हा चित्राचा भाग असतो. वर्णन बदललं तरी ती तशीच राहतात, आणि ग्राहकाला सगळ्यात आधी तीच दिसतात. दुसरी जागा होती शोधशब्दांची. ग्राहकाला न दिसणाऱ्या त्या रकान्यात त्या मुलाने `copper bottle for diabetes` असं भरून ठेवलं होतं. पानावर दिसत नाही म्हणून हे विसरलं जातं, पण तपासणाऱ्याला ते दिसतं. तिसरी जागा ५०० मिलीची बाटली. ती त्याच पानाखालचा दुसरा आकार म्हणून जोडलेली, तिचं वर्णन वेगळं साठवलेलं, आणि त्यात जुनंच वाक्य. चौथी जागा प्रश्नोत्तरांची. कुणीतरी ‘शुगर असलेल्यांना चालेल का?’ विचारलं होतं आणि ताईंच्या खात्यातून उत्तर गेलं होतं, ‘हो, फायदा होतो.’ ग्राहकाने आपल्या अभिप्रायात काय लिहावं हे तुमच्या हातात नाही, पण तुम्ही दिलेलं उत्तर हा तुमचाच मजकूर.

पाचवी जागा सगळ्यात त्रासाची, कारण ती कागदावर छापलेली होती. बाटलीच्या खोक्यावर ‘मधुमेहावर गुणकारी’ अशी ओळ होती. पान कितीही स्वच्छ केलं तरी ग्राहकाच्या दारात दावा पोचतच राहणार, आणि खोक्याचा फोटो पानावर असेल तर तिथेही. खोकी नवी छापून घ्यायची किंवा त्या ओळीवर न निघणारं स्टिकर लावायचं, आणि मार्केटप्लेसच्या गोदामात पडलेला जुन्या खोक्यांचा माल परत मागवायचा, एवढं करावं लागतं. यात पैसे जातात, पण याला बगल देता येत नाही.

आता दुरुस्त मजकूर. इथे मन वाटाघाटी करायला लागतं. ‘मधुमेह नियंत्रणात’ काढून ‘मधुमेहींसाठी उत्तम’ लिहावं असं वाटतं. ‘शुगर फ्रेंडली’, ‘डिटॉक्स’, ‘थायरॉइडला साहाय्यक’ असे मऊ शब्द सुचतात. दावा तोच राहतो, फक्त आवाज खाली येतो. काही जण खाली सूचना घालतात की ‘हे उत्पादन मधुमेह बरा करत नाही’. तीही नको. पहिली चाळणी बहुतेक वेळा शब्द पकडणाऱ्या यंत्रणेची असते, तिला नकार कळेलच असं नाही. शिवाय पाण्याच्या बाटलीच्या वर्णनात मधुमेहाचा उल्लेख यायचं कारणच काय?

बाटलीबद्दल खरं आणि उपयोगी असं भरपूर सांगता येतं. ताईंच्या तिसऱ्या मुद्द्याच्या जागी हे आलं:

‘साधं पाणी ठेवण्यासाठी. ताक, लिंबू सरबत किंवा इतर आंबट पेय ठेवू नये. वापराने तांबं काळपट पडतं, ते नैसर्गिक आहे. चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासावं, धुवावं आणि कोरडं करावं.’

आठ फायद्यांच्या फोटोच्या जागी मठारकामाचा जवळून काढलेला फोटो, त्यावर फक्त उंची, वजन आणि ९५० मिली हे आकडे. शोधशब्दांत तांब्याची बाटली, मठारकाम, पाण्याची बाटली, भेटवस्तू. हे करताना ताईंना शीर्षकातलं ‘१०० टक्के शुद्ध’ दिसलं. ते आजाराबद्दल नव्हतं आणि त्यावर आक्षेपही नव्हता. पण हातात प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता, म्हणून तेही काढलं. असं करावंच असं माझं ठाम मत आहे. तपासणारा पान पुन्हा उघडणारच असतो, तर त्याच्यासमोर दुसरा कच्चा दावा कशाला ठेवायचा?

बंद लिस्टिंगमध्ये बदल करता येतो का? कधी येतो, कधी रकाने कुलूपबंद असतात. येत असेल तर आधी बदला, मग अपील करा. येत नसेल तर दुरुस्त मजकूर संपूर्ण, रकान्यानुसार, एका फाइलमध्ये जोडा आणि पत्रात तसं स्पष्ट लिहा. तोवर एक गोष्ट चुकूनही करू नका. तीच बाटली नव्या नावाने नव्या लिस्टिंगवर चढवू नका. ती पळवाट समजली जाते, आणि एका पानावरची कारवाई अख्ख्या खात्यावर येऊ शकते.

पुराव्याचा नियम साधा आहे. आरोप जो असेल त्याचाच पुरावा द्यायचा. माल नकली असल्याचा आरोप असता तर तांब्याच्या पत्र्याची खरेदीबिलं, त्यावरचं नाव-पत्ता खात्याशी जुळतं का, या गोष्टी निर्णायक ठरल्या असत्या. इथे आरोप मजकुराचा आहे. जीएसटीचं प्रमाणपत्र, पाच वर्षांची बिलं, ग्राहकांचे कौतुकाचे मेसेज जोडले तर कामाचा कागद त्या ढिगाऱ्यात हरवतो. ताईंनी चार फाइल जोडल्या. पहिलीत जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी, डाव्या बाजूला जुनं वाक्य आणि उजव्या बाजूला त्याच्या जागी काय आलं ते. दुसरीत बदलाआधीचे आणि नंतरचे स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असे. तिसरीत नव्या खोक्याचे सहाही बाजूंचे फोटो आणि छपाईचं बिल. चौथीत गोदामातून जुना माल परत मागवल्याची नोंद. फाइलच्या नावातच आत काय आहे ते कळायला हवं. मोबाइलने दिलेलं आकड्यांचं लांबलचक नाव तसंच ठेवलं तर उघडणाऱ्याला काही बोध होत नाही.

मग पत्र. सपोर्टला ते साध्या इंग्रजीत पाठवणं सोयीचं असतं, पण आधी मराठीत लिहून काढावं, म्हणजे आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते आपल्याला कळतं. ताईंचं पत्र असं झालं:

‘विषय: बंद लिस्टिंगबद्दल अपील, उत्पादन क्रमांक (इथे क्रमांक), केस क्रमांक (इथे क्रमांक)

आमच्या तांब्याच्या ९५० मिली बाटलीची लिस्टिंग आजारविषयक दाव्यामुळे बंद झाली आहे. आम्ही पान तपासलं. दावे खरोखर होते.

कारण: लिस्टिंग बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेतली. तिने इतर पानांवरचा मजकूर वापरला आणि आम्ही तो न तपासता प्रसिद्ध केला. मधुमेह, थायरॉइड, वजन आणि रक्तदाब यांबद्दलचे दावे सहा ठिकाणी सापडले: तिसरा ठळक मुद्दा, चौथा फोटो, शोधशब्द, ५०० मिली आकाराचं वर्णन, एका ग्राहकाच्या प्रश्नाला आम्ही दिलेलं उत्तर, आणि खोक्यावरची छपाई.

केलेली दुरुस्ती: पहिल्या पाचही ठिकाणचा मजकूर काढला किंवा बदलला आहे. जुना व नवा मजकूर जोडपत्र १ मध्ये शेजारी-शेजारी दिला आहे, स्क्रीनशॉट जोडपत्र २ मध्ये आहेत. दावा नसलेली नवी खोकी छापली आहेत (जोडपत्र ३). तुमच्या गोदामात जुन्या खोक्यातल्या ४० बाटल्या आहेत. त्या परत मागवल्या आहेत (जोडपत्र ४), त्या अजून आमच्याकडे पोचलेल्या नाहीत. त्या आल्यावर नव्या खोक्यातच पुन्हा विक्रीला ठेवू.

पुढची व्यवस्था: कोणतंही पान सुरू करण्याआधी किंवा बदलण्याआधी त्याचा मजकूर, फोटोवरची अक्षरं आणि शोधशब्द मालक स्वतः वाचेल. आजारांची नावं आणि उपचारवाचक शब्द यांची यादी केली आहे, त्यातला शब्द आढळल्यास पान सुरू होणार नाही. आमच्या उरलेल्या सगळ्या लिस्टिंग याच यादीने तपासल्या आहेत.

लिस्टिंग पुन्हा सुरू करावी ही विनंती.’

यातल्या काही जागा मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. कारणाच्या परिच्छेदात बाहेरच्या व्यक्तीचा उल्लेख आहे, पण वाक्य ‘आम्ही तो न तपासता प्रसिद्ध केला’ इथे येऊन थांबतं. नुसता त्या मुलावर दोष ढकलला असता तर पुढच्या वेळी पुन्हा असंच होणार, असं वाचणाऱ्याला वाटलं असतं. ४० बाटल्या अजून पोचलेल्या नाहीत हेही लिहिलं आहे. ‘सगळा माल बदलला’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण गोदाम त्यांचंच आहे, त्यांना तिथे जुनी खोकी दिसतात. अर्धवट राहिलेलं काम अर्धवट म्हणून सांगितलं की उरलेल्या पत्रावरही विश्वास बसतो. आणि पुढच्या व्यवस्थेत ‘यापुढे काळजी घेऊ’ असं काही नाही. कोण तपासणार, केव्हा आणि कशाच्या आधाराने, हे आहे. ‘उरलेल्या लिस्टिंग तपासल्या’ हे वाक्य मात्र खरोखर तपासल्यावरच लिहायचं. ताईंच्या तांब्याच्या पेल्याच्या पानावर ‘पचन सुधारते’ निघालं होतं. ते आधी काढलं, मग वाक्य लिहिलं.

घरात पैसे अडकल्याचा, कारागिरांचा, सणाच्या तोंडावर झालेल्या नुकसानीचा उल्लेख पत्रात नाही. ते सगळं खरं असतं आणि लिहावंसंही वाटतं. पण वाचणाऱ्याला निर्णयासाठी लागणारी माहिती पहिल्या स्क्रीनवरच दिसली पाहिजे, आणि या परिच्छेदाने ती खाली ढकलली जाते.

पत्र पाठवल्यावर त्याच केसवर थांबा. रोज नवी केस उघडली तर प्रत्येक वेळी नवा माणूस अर्धीच गोष्ट वाचतो, आणि आधीच्या उत्तराशी विसंगत असं काहीतरी आपल्याच हातून लिहिलं जातं.

नकार आला तर त्याची भाषा नीट वाचा. ‘दिलेली माहिती पुरेशी नाही’ असं उत्तर आलं, तर दोन शक्यता आधी तपासायच्या. एक, पत्रात कारण नेमकं सांगितलेलं नाही. दोन, दावा अजून कुठेतरी शिल्लक आहे. दुसरी तपासण्यासाठी आपल्या खात्यातून उत्पादनाची सगळी माहिती फाइल म्हणून उतरवून घ्या आणि तिच्यात एकेक शब्द शोधा: मधुमेह, diabetes, sugar, thyroid, weight. फोटो या शोधात सापडत नाहीत, ते डोळ्यांनीच पाहावे लागतात, आणि प्रत्येक आकाराचे वेगळे. पानाची हिंदी किंवा मराठी आवृत्ती दिसत असेल तर तीही उघडा. इंग्रजी मजकूर बदलला तरी भाषांतर जुनंच राहिलेलं असू शकतं. तसं असेल तर ते वाक्य आणि त्याचा स्क्रीनशॉट देऊन सपोर्टलाच ते बदलायला सांगा, कारण तो रकाना तुमच्या हातात नसतो.

दुसरं अपील हे पहिल्याची प्रत नसावं. त्याची सुरुवात नव्या शोधापासून करावी: ‘पहिल्या अपिलानंतर पुन्हा तपासणी केली, ५०० मिली आकाराच्या दुसऱ्या फोटोवर एक दावा राहिला होता, तो आज काढला, स्क्रीनशॉट जोडला आहे.’ नवं काहीच सापडलं नाही, तर तसंच लिहून नेमक्या कोणत्या रकान्यावर आक्षेप आहे ते एका वाक्यात विचारा. आणि नकारात उत्पादन प्रकारच विक्रीयोग्य नाही किंवा खातंच निलंबित आहे असं म्हटलेलं असेल, तर मजकूर दुरुस्तीचं हे पत्र तिथे उपयोगाचं नाही. त्या आक्षेपाला वेगळे कागद आणि वेगळं अपील लागतं.